ऐरोलीच्या मागच्या खोलीतलं मंद नेट: मित्राला काय सांगितलं, काय दाखवलं, काय झाकलं

घर ऐरोलीतलं, चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचं. फायबरची तार हॉलच्या खिडकीतून आत येते आणि तिथेच राउटरला लागते. प्लॅन 100 एमबीपीएसचा. घरातला माणूस अकाउंट्सचं काम करतो. संध्याकाळी सातनंतर तो मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो आणि क्लायंटशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तीन आठवड्यांपासून कॉल तुटायला लागले होते. समोरच्याचा आवाज घोगरा व्हायचा, चित्र थिजायचं आणि मग अडकलेलं सगळं बोलणं एकदम पळत सुटायचं. ऑपरेटरचा माणूस येऊन गेला. त्याने हॉलमध्ये उभं राहून फोनवर स्पीड दाखवला आणि "लाइन ओके आहे" म्हणून निघून गेला.

ठाण्यात वर्तकनगरला याचा कॉलेजमधला मित्र राहतो, नेटवर्कच्या कामातला. त्याला विचारायचं म्हणून याने कॉलेजच्या ग्रुपवर रात्री 8:52 ला लिहिलं: "नेट पार झोपलंय रे. लाइन ओके आहे म्हणतात. बघ ना जरा." सोबत तीन चित्रं होती. पहिलं स्पीड टेस्टचं, त्यात 8.4 एमबीपीएस. दुसरं फोनमधल्या वाय-फाय शेअर करण्याच्या पानाचं. त्यातली पासवर्डची ओळ त्याने पेनने गिरवून झाकली होती. तिसरा राउटरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो, मॉडेल कळावं म्हणून.

मित्राचं पहिलं उत्तर नेटबद्दल नव्हतंच. "अरे, दुसरा आणि तिसरा फोटो आधी काढ. पासवर्ड आजच बदल. मग बाकीचं माझ्याशी वेगळं बोल, ग्रुपवर नको."

गिरवलेला पासवर्ड शाबूत कसा राहिला

वाय-फाय शेअरच्या पानावर वर क्यूआर कोड असतो आणि त्याखाली पासवर्ड अक्षरांत. याने अक्षरं झाकली आणि क्यूआर तसाच ठेवला. त्या चौकटीत मात्र पासवर्ड कुलूप लावून ठेवलेला नसतो. कुठल्याही फोनने स्कॅन केला की साध्या मजकुराची एक ओळ मिळते, या नमुन्याची:

```
WIFI:T:WPA;S:वायफायचं-नाव;P:पासवर्ड;;
```

`P:` च्या पुढे जे असतं तोच पासवर्ड, जसाच्या तसा. त्यामुळे खालची ओळ झाकून वरचा क्यूआर ठेवला तर काहीच झाकलं जात नाही.

स्टिकरचीही तीच गत. त्यावर मॉडेलच्या शेजारी कारखान्यातून आलेलं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, सिरीयल नंबर, यंत्राची कायमची ओळख असलेला मॅक पत्ता आणि पुष्कळदा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा लॉगिनसुद्धा छापलेला असतो. बऱ्याच घरांत छापलेला पासवर्ड कधी बदललेलाच नसतो. मित्राला हवं होतं फक्त मॉडेल. ते एका ओळीत टाइप करून पाठवता येतं, फोटोची गरजच नसते.

धोका किती, हेही नेमकं सांगायला हवं. घरचा वाय-फाय पासवर्ड कळून कोणी पुण्यात बसून आत शिरत नाही. त्याला वाय-फायच्या टप्प्यात यावं लागतं. पण ग्रुपमध्ये 38 जण होते, त्यांतले काही ऐरोलीतलेच, आणि चित्र पुढे कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो. "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तरी तोवर ज्याने पाहिलं, साठवलं किंवा पुढे धाडलं त्याच्याकडे ते राहतंच. म्हणून डिलीट करायचंच, पण ते पुरेसं धरायचं नाही. बदललेला पासवर्ड हाच खरा उपाय. यालाही ते त्याच रात्री करावं लागलं: राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वाय-फायचा आणि ॲडमिनचा, दोन्ही पासवर्ड बदलले.

"8.4" या आकड्याने काहीच का कळलं नाही

स्पीड टेस्टचा आकडा खरा होता, पण तो पूर्ण रस्त्याचा एकच आकडा असतो. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत हवेतला रस्ता, राउटरपासून ऑपरेटरपर्यंत फायबरचा, आणि तिथून पुढे टेस्टच्या सर्व्हरपर्यंतचा. यातला कुठला तुकडा अडला तरी आकडा तोच दिसतो. शिवाय तो कुठल्या खोलीत घेतला, कुठल्या यंत्रावर, किती वाजता, तेव्हा घरात दुसरं काही चालू होतं का, यातलं काहीच मेसेजमध्ये नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तक्रार कॉल तुटण्याची होती, आणि साध्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे 8.4 मध्येही कॉल नीट चालायला हवा होता. कॉलला वेगापेक्षा दोन गोष्टी जास्त नडतात: पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मध्येच हरवणं, आणि काही पाकिटं लगेच तर काही अर्ध्या सेकंदाने पोचणं. ही दोन दुखणी स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात दिसत नाहीत. त्यासाठी पिंग लागतं, म्हणजे समोरच्या यंत्राला छोटं पाकीट धाडून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं.

मित्राने मग एकच काम सांगितलं: रस्त्याचे दोन तुकडे कर आणि दोन्ही वेगळे मोज, एकदा हॉलमध्ये राउटरशेजारी बसून आणि एकदा मागच्या खोलीत. लॅपटॉप तोच हवा. दोन्ही मोजण्यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. ऑफिसचं व्हीपीएन बंद, फोनचा फोटो बॅकअप बंद. व्हीपीएन चालू असेल तर बाहेरचं पिंग ऑफिसच्या सर्व्हरमधून फिरून येऊ शकतं आणि मग आपण घरचं नेट मोजतो आहोत की ऑफिसचं, हेच कळत नाही.

मोजणी

विंडोजमध्ये स्टार्टला `cmd` लिहून काळी खिडकी उघडायची. उघडताच पहिली ओळ दिसते ती `C:\Users\` आणि पुढे आपलं नाव. पुष्कळांच्या लॅपटॉपवर तिथे पूर्ण नाव-आडनाव असतं आणि पुढच्या प्रत्येक कमांडपाशी ते पुन्हा छापलं जातं. म्हणून सगळ्यात आधी हे दोन शब्द:

```
cd \
cls
```

आता ओळीच्या सुरुवातीला फक्त `C:\>` उरतं आणि वरचं सगळं पुसलं जातं. दहा ठिकाणी काळी पट्टी मारण्यापेक्षा हे सोपं, आणि एखादी जागा नजरेतून सुटण्याची भीतीही नाही.

राउटरचा पत्ता `ipconfig` ने मिळतो, `Default Gateway` या ओळीत. पुष्कळ जण सवयीने `ipconfig /all` देतात. त्यात संगणकाचं नाव आणि मॅक पत्ता दोन्ही छापले जातात, आणि इथे त्यांची गरज नसते. कमी छापणारी कमांड वापरली की झाकायचं काम आपोआप कमी होतं. या घरात राउटरचा पत्ता `192.168.1.1` निघाला. मग:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 1.1.1.1
```

पहिली कमांड लॅपटॉप ते राउटर एवढाच तुकडा मोजते, दुसरी बाहेरच्या जगापर्यंतचा. `-n 50` महत्त्वाचं आहे. नुसतं `ping` दिलं तर विंडोज चारच वेळा विचारतं, आणि अधूनमधून येणारा झटका त्या चारांत सापडेलच असं नाही. पन्नास वेळांना साधारण एक मिनिट लागतं.

रात्री नऊच्या सुमाराला हॉलमध्ये राउटरचं सरासरी पिंग 2 मिलिसेकंद, सगळ्यात जास्त 6, हरवलेलं एकही नाही. बाहेरचं सरासरी 5, जास्तीत जास्त 9. स्पीड टेस्ट 91. मागच्या खोलीत मात्र राउटरचंच पिंग असं आलं:

```
Ping statistics for 192.168.1.1:
    Packets: Sent = 50, Received = 47, Lost = 3 (6% loss),
Approximate round trip times in milli-seconds:
    Minimum = 2ms, Maximum = 418ms, Average = 67ms
```

त्यानंतर वाय-फायची अवस्था दाखवणारी कमांड:

```
netsh wlan show interfaces
```

विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही कमांड लोकेशन चालू करायला सांगते. करायचं, आणि काम झालं की परत बंद करायचं. तिने मागच्या खोलीत दाखवलेल्या कामाच्या ओळी अशा: `Radio type : 802.11n`, `Channel : 6`, `Signal : 48%`.

इथे एक इशारा. याच कुटुंबातली एक कमांड `key=clear` ने संपते आणि ती साठवलेला वाय-फाय पासवर्ड उघड छापते. नेट मंद का, हे शोधायला तिचा काडीचा उपयोग नाही. कोणी "ही कमांड चालवून स्क्रीनशॉट पाठव" म्हटलं आणि तिच्यात हे दोन शब्द दिसले, तर चालवायची नाही.

काय झाकलं आणि काय मुद्दाम उघडं ठेवलं

आता उलटी चूक व्हायची वेळ आली. ग्रुपवरच्या प्रकाराने घाबरून याने दुसऱ्या खेपेला सगळंच झाकलं: राउटरचा पत्ता, चॅनल, सिग्नल, अगदी पिंगचे आकडेही अर्धे. मित्राला पुन्हा लिहावं लागलं, "एवढं झाकलंस तर मी बघू काय?"

`192.168` ने सुरू होणारा पत्ता झाकायची गरज नाही. तो घरातल्या घरात वापरायचा असतो, लाखो घरांत हुबेहूब तोच असतो आणि त्यावरून बाहेरच्या कोणाला घर सापडत नाही. `10` ने सुरू होणाऱ्या आणि `172.16` ते `172.31` या पत्त्यांचंही तसंच. चॅनल, सिग्नल, रेडिओचा प्रकार आणि मिलिसेकंद तर उघडेच हवेत. चित्र पाठवायचं ते त्यांच्यासाठीच.

झाकायच्या गोष्टी वेगळ्या. स्पीड टेस्टच्या पानावर कोपऱ्यात बाहेरचा आयपी पत्ता असतो. त्याच्या चार भागांपैकी शेवटचे दोन झाकले. `ipconfig` मध्ये `2` ने सुरू होणारा लांबलचक आयपीव्ही6 पत्ता असतो, तो पूर्ण झाकला. वाय-फायच्या नावात फ्लॅट नंबर होता, जसा पुष्कळांच्या असतो, तेही झाकलं.

`BSSID` ही ओळ लोक सोडून देतात, कारण ती निरर्थक अक्षरांसारखी दिसते. तो राउटरच्या रेडिओचा मॅक पत्ता. रस्त्यांवरून फिरून असे पत्ते नकाशावर नोंदवणारे सार्वजनिक साठे आहेत, आणि तुमचा राउटर त्यांत असेल तर त्या एका ओळीवरून इमारतीपर्यंत पोचता येतं. त्यातल्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन सहसा राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या असतात. त्या ठेवल्या तर मित्राला कंपनी ओळखता येते. शेवटच्या तीन झाकल्या.

एक गोष्ट मात्र इतरांची होती. आजूबाजूला कोणकोणती वाय-फाय कुठल्या चॅनलवर आहेत हे मित्राला हवं होतं, आणि त्यासाठीची कमांड शेजाऱ्यांची यादी छापते:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

त्या यादीत शेजाऱ्यांची आडनावं, फ्लॅट नंबर आणि एका घरातल्या मुलीचं नावसुद्धा होतं. ही माहिती आपली नाही, तर पाठवायचा अधिकारही आपला नाही. याने स्क्रीनशॉट न काढता मजकूर निवडून एंटर दाबला, तो कॉपी झाला. मग नोटपॅडमध्ये चिकटवून प्रत्येक नावाच्या जागी `शेजारी-1`, `शेजारी-2` असं लिहिलं आणि `BSSID` च्या ओळी काढून टाकल्या. आपल्या वाय-फायला सगळीकडे `घर` हे एकच टोपणनाव दिलं. काळ्या पट्टीपेक्षा टोपणनाव सरस, कारण कुठली ओळ कोणाची हे मित्राला कळत राहतं. पिंगचा निकालही त्याने असाच मजकूर म्हणून दिला. जे अक्षरांत देता येतं ते अक्षरांत द्यावं. त्यात मागे काही लपून राहत नाही आणि वाचणाऱ्याला ते शोधता, कॉपी करता येतं.

झाकायचं कसं

स्क्रीनशॉट फक्त दोनच ठेवायचे ठरले: हॉलमधली आणि खोलीतली स्पीड टेस्ट. पहिल्या दिवशी याने पूर्ण पडद्याचं चित्र घेतलं होतं, आणि ब्राउझरच्या मागे अकाउंटिंगची खिडकी अर्धवट दिसत होती. त्यात दोन क्लायंटची नावं आणि एक पॅन नंबर वाचता येत होता. नेटच्या दुखण्यात क्लायंटचा पॅन कशाला? म्हणून `Alt` दाबून प्रिंट स्क्रीन, म्हणजे फक्त पुढची खिडकी. किंवा विंडोज-शिफ्ट-एस ने नेमका हवा तेवढाच चौकोन. ब्राउझरचे वरचे टॅब आणि पत्त्याची ओळही चौकोनाबाहेर ठेवायची. काही राउटरांच्या सेटिंग पानाच्या पत्त्यात लॉगिनचा चालू कोड असतो, म्हणून तिथे तर नक्कीच.

झाकायला फोनमधलं हायलायटर किंवा जाड मार्कर वापरू नये. त्याची शाई अर्धी पारदर्शक असते. डोळ्यांना काळं दिसलं तरी उजेड आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालची अक्षरं वर येतात. अक्षरं धूसर करणं किंवा चौकड्या करणंही भरवशाचं नाही; ठरावीक फॉन्टमधली अक्षरं आणि आकडे त्यातून परत ओळखणारी साधनं उपलब्ध आहेत. वर्डमध्ये चित्रावर काळा चौकोन ठेवून फाइल पाठवली तर समोरचा तो चौकोन नुसता बाजूला सरकवतो. पेंटमध्ये चौकोन निवडून आतून गच्च काळा रंग भरायचा आणि पीएनजी म्हणून साठवायचं. एवढं साधंच काम सगळ्यात पक्कं.

कापलेल्या चित्राबद्दलही एक खबरदारी. 2023 च्या मार्चमध्ये उघड झालं की पिक्सेल फोनमधलं स्क्रीनशॉट कापायचं साधन आणि विंडोजचं स्निपिंग टूल कापलेलं चित्र त्याच फाइलवर साठवताना जुन्या फाइलची शेपटी मागे ठेवत होतं. कापून टाकलेला भाग त्यातून काही अंशी परत मिळवता यायचा. दोन्हीकडे दुरुस्ती आली, पण अपडेट न झालेली यंत्रं आणि त्याआधी पाठवलेली चित्रं आहेतच. म्हणून सोपी रीत अशी: झाकून-कापून झालेलं चित्र पडद्यावर उघडायचं, त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो पाठवायचा. नव्या फाइलमध्ये जुनं काही येतच नाही.

व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीसारखं पाठवलं की ते दाबून लहान होतं आणि बारीक आकडे फुटतात. 6 आणि 8 यांतला फरक दिसेनासा होतो. म्हणून स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवले. पण कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला, समजा राउटरच्या दिव्यांच्या, ही रीत लावायची नाही. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये फोटो काढल्याचं ठिकाण अक्षांश-रेखांशासकट जाऊ शकतं; साध्या फोटोसारखा पाठवला तर ते गळून जातं.

शेवटी गेलेला मेसेज

> मागच्या खोलीत संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतो, आवाज थांबून एकदम येतो. हॉलमध्ये तोच लॅपटॉप, तोच कॉल नीट चालतो. सकाळीही मागे बरं असतं.
>
> तीन आठवड्यांपासून. त्याआधी वर्षभर त्रास नव्हता. गणपतीच्या आवराआवरीत राउटर फळीवरून काढून टीव्हीच्या कपाटात ठेवला, तो तिथेच आहे. दुसरं काही बदललेलं नाही.
>
> प्लॅन 100. लॅपटॉप विंडोज 11, वाय-फायवर. व्हीपीएन आणि बॅकअप बंद करून मोजलंय.
>
> रात्री 9, हॉल: राउटर सरासरी 2, जास्तीत जास्त 6, हरवले 0/50. 1.1.1.1 सरासरी 5, जास्तीत जास्त 9, हरवले 0/50. स्पीड 91.
>
> रात्री 9:10, मागची खोली: राउटर सरासरी 67, जास्तीत जास्त 418, हरवले 3/50. 1.1.1.1 सरासरी 74, जास्तीत जास्त 460, हरवले 4/50. स्पीड 8.4. सिग्नल 48%, चॅनल 6, 802.11n.
>
> सकाळी 7:30, मागची खोली: राउटर सरासरी 6, जास्तीत जास्त 48, हरवले 0/50. सिग्नल 48%, चॅनल 6.
>
> करून पाहिलं: राउटर बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू. फरक नाही.
>
> शेजाऱ्यांची यादी आणि दोन स्क्रीनशॉट सोबत. नावं, बाहेरचा आयपी, बीएसएसआयडीचा मागचा भाग झाकलाय. आणखी काही हवं असेल तर सांग.

या मेसेजमध्ये "मला वाटतं ऑपरेटर रात्री स्पीड कमी करतो" हे वाक्य नाही. आधीच्या मसुद्यात होतं. आपला अंदाज लिहायला हरकत नाही, पण शेवटी आणि अंदाज म्हणून; पहिल्या ओळीत आला की वाचणारा त्याच वाटेने चालू लागतो. आणि राउटर कपाटात ठेवल्याचं वाक्य लिहायचं राहूनच जाणार होतं, कारण त्याला ते नेटशी संबंधित वाटलंच नव्हतं. मित्राने "तीन आठवड्यांपूर्वी घरात काय हललं?" असं विचारलं, तेव्हा आठवलं.

मित्राने ते कसं वाचलं

मागच्या खोलीत लॅपटॉपहून राउटरलाच जाताना पाकिटं हरवत होती. राउटरच्या पुढे जायच्या आधीच रस्ता अडलेला. हॉलमध्ये बाहेरचं पिंग स्वच्छ, म्हणजे ऑपरेटरची लाइन खरंच ठीक होती. वाद तिथेच संपला.

मग सकाळ आणि रात्र शेजारी ठेवली. सिग्नल दोन्ही वेळा 48 टक्के. विंडोजच्या टक्क्यांचं अर्ध करून त्यातून शंभर वजा केले की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मिळते, म्हणजे इथे उणे 76: लंगडा, पण काम चालवण्याजोगा. भिंती सकाळी होत्या तशाच रात्री होत्या, मग बिघडलं कशाने? गर्दीने. चॅनल 6 हा वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातला, आणि यादीत त्याच चॅनलवर नऊ शेजारी निघाले. एका चॅनलवरचे सगळे राउटर आळीपाळीने बोलतात. रात्री घरोघरी टीव्हीवर व्हिडिओ चालू होतात, पाळी उशिरा येते, आणि दुबळ्या सिग्नलमुळे फुटलेलं पाकीट पुन्हा पाठवायचं तर पुन्हा रांग. 418 मिलिसेकंद त्या रांगेतले.

राहिलं एकच कोडं: राउटरवर 5 गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टाही चालू असताना लॅपटॉप 2.4 वर का? दोन्हींना नाव एकच होतं, निवड लॅपटॉपच्या हातात. 5 गिगाहर्ट्झ भिंतींतून कमी जातो. राउटर फळीवर असेपर्यंत तो मागच्या खोलीत पुरत होता. कपाटाच्या बंद दाराआड, समोर टीव्हीची पत्र्याची पाठ, अशा जागी गेल्यावर तो इतका क्षीण झाला की लॅपटॉपने गर्दीची बाजू धरली.

मित्राने दोन गोष्टी सांगितल्या. राउटर परत फळीवर, आणि 5 गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन लॅपटॉप फक्त त्यालाच जोड. दुसऱ्या रात्री 9:05 ला मागच्या खोलीतून आलेले आकडे: राउटर सरासरी 5, जास्तीत जास्त 31, हरवले 0/50, चॅनल 44, 802.11ac, सिग्नल 58%, स्पीड 61. यात पूर्ण 91 नाहीत, कारण मध्ये दोन भिंती आहेतच. ते हवे असतील तर लॅनची केबल मागपर्यंत ओढावी लागेल, असं मित्राने तेव्हाच सांगितलं. कॉलसाठी याला तेवढी गरज वाटली नाही.

आकडे वेगळे आले असते तर

हॉलमध्येही 1.1.1.1 ची पाकिटं हरवली असती आणि राउटरचं पिंग 2 वरच राहिलं असतं, तर दोष राउटरच्या पुढे. तेव्हा हाच मेसेज ऑपरेटरला पाठवता येतो, आणि "नेट स्लो आहे" यापेक्षा तो फेटाळणं त्यांना अवघड जातं. फक्त तिथे रस्त्यातला एकेक टप्पा दाखवणाऱ्या `tracert` चा निकाल जोडताना मधल्या टप्प्यांवरच्या `*` या चांदण्यांना दोष म्हणू नये. मधली बरीच यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत किंवा उशिरा देतात. शेवटच्या टप्प्यापर्यंत तोटा टिकला तरच तो खरा.

हॉलमध्ये एरवी सगळं स्वच्छ, पण फोटो बॅकअप चालू केला की बाहेरचं पिंग 5 वरून दोन-तीनशेवर, असं झालं असतं तर अपलोड तुंबतो आहे. तेव्हा मेसेजमध्ये बॅकअप बंद आणि बॅकअप चालू अशा दोन ओळी हव्यात. एकीवरून काही ठरत नाही.

नवा पासवर्ड टाकल्यावर याच्या घरातला प्रिंटर आणि टीव्ही दोन दिवस जोडलेच गेले नाहीत. दोघांनाही फक्त 2.4 गिगाहर्ट्झ कळत होता आणि याने त्यांना 5 च्या नव्या नावावर शोधत बसवलं होतं. जुन्या नावावर नवा पासवर्ड दिला, जोडले गेले. 2.4 चं चॅनलही त्याने तेव्हाच 6 वरून 11 वर नेलं, कारण यादीत तिथे दोनच शेजारी होते.